तलफेचे निवेदन : ‘द लॉस्ट वीकएंड’ची एक वाचनदिशा

व्यसनाधीन माणसाची कथा सांगताना निवेदकासमोर दोन सोपे मार्ग असतात. एक निवाड्याचा. पात्राचा अधःपात पायरीपायरीने दाखवावा आणि शेवटी त्याचे फळ त्याच्या पदरात घालावे. दुसरा मार्ग करुणेचा आहे. पात्राला परिस्थितीचा बळी ठरवून वाचकाचे डोळे ओले करावेत. दोन्ही मार्गांत निवेदक पात्रापेक्षा उंच जागी उभा असतो. पहिल्यात तो न्यायाधीश असतो, दुसऱ्यात कनवाळू आप्त. सहानुभूती आणि समानुभूती या दोन संज्ञांमधले अंतर नेमके या उंचीचे आहे. व्यसनातून बाहेर पडू पाहणारा माणूस पुन्हा पेल्याकडे वळतो त्या क्षणी हे अंतर सर्वाधिक जाणवते, कारण बाहेरून पाहणाऱ्याला तो क्षण अनाकलनीय वाटतो आणि जे अनाकलनीय वाटते त्याचा निवाडा चटकन होतो.

चार्ल्स जॅक्सन यांची ‘द लॉस्ट वीकएंड’ (१९४४) ही कादंबरी या दोन्ही मार्गांना नकार देते. न्यूयॉर्कमधील १९३६ च्या शरदातले पाच दिवस एवढाच तिचा कालावकाश आहे. डॉन बर्नम हा अयशस्वी लेखक भाऊ वीकच्या देखरेखीखाली राहतो आणि काही दिवसांपासून त्याने दारूला स्पर्श केलेला नाही. सुट्टीसाठी दोघे भाऊ गावाकडच्या घरी जाणार आहेत. डॉन काहीतरी निमित्त काढून मागे राहतो आणि मोलकरणीसाठी ठेवलेले पैसे त्याच्या हाती लागतात. पुढे गुत्ता, रस्ता, इस्पितळाचा मद्यपी रुग्णांचा कक्ष आणि पुन्हा घर एवढेच कथानक आहे.

पहिल्या भागाचे शीर्षक ‘प्रारंभ’ अशा अर्थाचे आहे. या प्रारंभाची नेमकी जागा कोणती, असा प्रश्न येथे विचारावासा वाटतो. ती पहिल्या घोटात नाही. भावाला घराबाहेर काढताना डॉनच्या वागण्यात जो समजूतदारपणा येतो, तेथेच पतन झालेले असते. दारूचा विचार मनात उघडपणे येण्याच्या कितीतरी आधी त्याची सोय झालेली असते. निवेदक मात्र ‘तो कट करीत होता’ असे कोठेही म्हणत नाही, कारण डॉनला स्वतःला तसे वाटत नाही. निवेदन तृतीयपुरुषी असूनही ते डॉनला ठाऊक असलेल्या गोष्टींपलीकडे जात नाही. त्याचे विचार अवतरणचिन्हांविना, ‘असे त्याला वाटले’ या टेकूविना, निवेदकाच्याच वाक्यांत मिसळून येतात. कथनमीमांसेत ज्याला मुक्त अप्रत्यक्ष कथन म्हणतात, ते हेच.

या तंत्राने काय साधते, हे मराठीत विचार करून पाहिले तर अधिक स्पष्ट होते. अशा प्रसंगासाठी मी रचलेले एक वाक्य पाहू : ‘संध्याकाळ अजून दूर होती, एखादा पेला घ्यावा, आणि मग निवांत वाचत बसावे.’ मराठीतील विध्यर्थी रूप येथे दुहेरी काम करते. ‘घ्यावा’ या क्रियापदात इच्छाही आहे आणि औचित्यही. मला हवे आहे आणि तसे करणे योग्य आहे, हे दोन अर्थ त्यात वेगळे काढता येत नाहीत. शिवाय कर्ता वाक्यातून अदृश्य झालेला आहे. तलफेचे व्याकरण असेच असते. व्यसनी मन ‘मला प्यायचे आहे’ असे क्वचितच म्हणते. प्यायला हरकत नाही, एवढेच ते म्हणते. जॅक्सन यांची इंग्रजी वाक्ये वेगळ्या साधनांनी हेच करतात. ती ‘तो’वरून मध्येच सर्वसाधारण ‘तुम्ही’कडे सरकतात, आणि डॉनचा निर्णय जणू कोणाही शहाण्या माणसाचा निर्णय असल्यासारखा वाचकापुढे येतो. वाचक त्या युक्तिवादाच्या आत असतो आणि क्षणभर तो त्याला पटतोही. समानुभूती जन्मते ती या पटण्यातून. त्यासाठी दयेची गरज पडत नाही.

परंतु आतून केलेले निवेदन म्हणजे पात्राची वकिलीच नव्हे काय, असा आक्षेप येथे संभवतो. आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर कादंबरीच्या रचनेत, विशेषतः स्मरणाच्या वाटणीत सापडते. डॉनला पैशांचे, बाटलीचे, वेळेचे तपशील नेमके आठवतात. थोड्या वेळापूर्वी त्याने स्वतःला दिलेले वचन मात्र आठवत नाही. ते वाचकाला आठवते. दारूगृहात तो शेजारच्या स्त्रीची पिशवी चोरतो तेव्हा ती चोरी त्याला आपल्या चातुर्याची परीक्षा वाटते. निवेदनही त्या चातुर्याच्या कैफात वाहते, आणि तो पकडला जातो तेव्हा वाचकही त्याच्याबरोबरच दचकतो. निवेदक निषेधाचा शब्द उच्चारत नाही. निषेधाची सामग्री तो वाचकाच्या स्मरणात साठवत जातो. यामुळे डॉनचा अपराध सौम्य होत नाही. तो ओळखण्याची जबाबदारी फक्त वाचकाकडे येते.

तिसऱ्या भागातील टंकलेखन यंत्राचा प्रसंग याचे सर्वांत कठोर उदाहरण आहे. पैसे संपलेले आहेत आणि यंत्र गहाण टाकायचे आहे. डॉन ते जड ओझे घेऊन थर्ड अ‍ॅव्हेन्यूने उत्तरेकडे चालत राहतो. एकामागून एक गहाणवटीची दुकाने बंद सापडतात. तो दिवस यॉम किप्पूरचा, म्हणजे ज्यू धर्मीयांच्या प्रायश्चित्ताच्या उपवासाचा आहे, हे त्याला उशिरा उमगते. या प्रतीकाचा मोह कोणत्याही निवेदकाला पडला असता. जॅक्सन भागाच्या शीर्षकात त्याला ‘विनोद’ म्हणतात आणि चालणे लिहीत राहतात. रस्त्यांचे क्रमांक वाढत जातात, हात भरून येतो, पुढच्या दुकानाची पाटी दिसते. तलफ ही भावना म्हणून वर्णिलेलीच नाही. ती अंतर, वजन आणि क्रमांक यांच्यात रूपांतरित झालेली आहे. आणि जे यंत्र विकून प्यायचे ते लेखकाचे एकमेव अवजार आहे, हे निवेदक सांगत बसत नाही.

कादंबरीची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. डॉनच्या बालपणातील पित्याचे निघून जाणे आणि महाविद्यालयीन काळातील एका मित्राविषयीची लज्जास्पद ठरलेली आसक्ती, यांच्याकडे ती वारंवार वळते. त्या काळच्या मनोविश्लेषणाची ही छाया आहे, आणि अशा जागी निवेदन कारणांच्या शोधात काहीसे शिथिल होते. मात्र एका महत्त्वाच्या ठिकाणी डॉन स्वतःच ही कारणे झटकून टाकतो : कारणे केव्हाच निरर्थक झाली, आता तो पितो, कारण तो पिणारा आहे. या जाणिवेशी तुलना करता गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सुधाकराचे पुनःपतन वेगळे दिसते. तेथे त्याला अपमानाचे कारण आहे आणि पुढे सर्वनाशाचा परिणाम आहे. रंगभूमीला असा दृश्य कार्यकारणभाव हवा असतो. आतल्या परवानगीचा सूर ऐकवण्याची सोय कादंबरीच्या निवेदनाकडे अधिक असते.

बिली वाइल्डर यांच्या १९४५ च्या चित्रपटात डॉन अखेरीस लिहू लागतो आणि प्रेक्षक आशा घेऊन उठतो. कादंबरीचा डॉन शेवटी बाटल्या लपवून अंथरुणात शिरतो, आणि लोकांनी या साऱ्याचा एवढा बाऊ का करावा, असे त्याला वाटते. हा शेवट निराशेचा नव्हे. तो पुन्हा एका प्रारंभाचा आहे. पहिल्या पानावर हाच समजूतदार, शांत सूर आपल्याला निरुपद्रवी वाटला होता. शेवटच्या पानावर तो आपण ओळखतो. डॉन मात्र अद्याप ओळखत नाही.