एका क्रियापदाची तळटीप

(परळच्या शिलालेखाच्या अनुवादाविषयी मी एका संपादकांना लिहिलेलं पत्र.)

स. न. वि. वि.

मुद्रितं मिळाली. परळच्या लेखाच्या शेवटच्या ओळीत मी ‘झविजे’ हा मूळ शब्द तसाच ठेवून खाली टीप दिली होती. आपण टीप काढून वर ‘संग करो’ असं केलं आहे. दिवाळी अंक घरातले सगळे वाचतात, ही आपली अडचण खोटी नाही. तरीही मूळ शब्द ठेवावा, अशी विनंती आहे.

हा लेख बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, शिलाहार राजा अपरादित्याचा. दानाचा मजकूर संस्कृतात आहे. दान मोडणाऱ्याला शाप देताना मात्र भाषा मराठी होते. शाप संस्कृत दानपत्रांतही असतात. जमीन हिरावणारा साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल, हा त्यांतला नेहमीचा. पण तो कळायला संस्कृत यावं लागे. इथला शाप बांधावरच्या माणसाला त्याच्याच बोलीत ऐकवायचा होता. आपण सुचवलेला ‘संग’ त्याला पुन्हा संस्कृतात नेऊन ठेवतो.

दुसरा मुद्दा व्याकरणाचा. ‘कीजे’, ‘दीजे’ यांसारखंच ‘झविजे’ हे जुन्या मराठीतलं कर्मणी रूप आहे. गाढव तिथे तृतीयेत आहे. म्हणजे दान मोडणाऱ्याच्या आईवर हे गाढवाकडून व्हावं, असा शाप. ‘संग’ म्हटलं की दोघांची सोबत आली. मुळात ती बाई फक्त सोसणारी आहे. जमीन बळकावणार मुलगा आणि शिक्षा त्याच्या आईला! शब्द सोज्वळ केला की नेमकी हीच गोष्ट झाकली जाते, आणि वाचकाला हा शाप गमतीदार वाटू लागतो.

शिवाय याच लेखासोबत आपण गधेगाळीचं छायाचित्र छापत आहात. वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि बाई. चित्र चालतं, तर त्याचं क्रियापद का चालू नये?

टीप मी अशी आटोपशीर केली आहे: ‘झविजे : आज शिवीत उरलेल्या झवणे या क्रियापदाचं जुनं कर्मणी रूप. शाप अपराध्याला, पण भोग त्याच्या आईला.’

एक पथ्य मीही पाळतो. अनेक गधेगाळींवर नुसतं शिल्प असतं किंवा अक्षरं झिजलेली असतात. तिथे हा शब्द मी पदरचा घालत नाही; ‘अक्षरे झिजली आहेत’ एवढंच लिहितो. जिथे नाही तिथे घालायचा नाही, हे आपल्याला मान्य असेल, तर जिथे कोरलेला आहे तिथून तो काढायचा नाही, हेही मान्य व्हावं.

कळावे,
आपला