पाटपाण्याचा हिशेब आणि यंत्रानं निवडलेली कारणं

पाट आल्यामुळे शेतकऱ्याचं नेमकं किती भलं झालं, हा प्रश्न नगर जिल्ह्यात आकड्यांनी विचारला गेला, त्याला पाऊणशेहून अधिक वर्षं झाली. धनंजयराव गाडगीळांनी गोखले इन्स्टिट्यूटतर्फे गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभांची पाहणी केली आणि १९४८ मध्ये तिचा अहवाल निघाला. रीत तुलनेची होती. पाटाखालची शेती आणि जिरायत शेती शेजारी शेजारी ठेवायची आणि फरक बघायचा. मूळ रीत आजही तीच आहे. मात्र ‘बाकी सगळं सारखं धरून’ असं म्हणताना ते ‘बाकी सगळं’ म्हणजे काय, हे ठरवायचं काम अर्थशास्त्रज्ञ आता मशीन लर्निंगवर सोपवू लागले आहेत. या रीतीला गेल्या दशकात जी प्रतिष्ठा मिळाली, ती कुठपर्यंत रास्त आहे, हे नेवासा तालुक्यासारख्या ठिकाणी चांगलं तपासता येतं.

मुळा धरणाचा उजवा कालवा राहुरीकडून नेवाशात येतो. पाणी उतारानं जातं, त्यामुळे कालव्याच्या खालच्या अंगाचं रान भिजतं आणि वरचं कोरडं राहतं. पण खालच्या अंगाला, नदीकडे, काळी जमीनही सहसा खोल असते, वर मुरमाड. म्हणजे पाटाखालच्या शेतकऱ्याचं उत्पन्न जास्त दिसलं, तर त्यात पाटाचा वाटा किती आणि मातीचा किती? शिवाय सोनई किंवा भेंड्याचा साखर कारखाना किती लांब, जुनी विहीर होती का, घरात शिकलेलं कोण, पाऊस किती, अशा रकाने भरणाऱ्या गोष्टी सहज दोनशेपर्यंत जातात. पाहणीत मात्र गट पाचसहाशेच असतात. सगळे रकाने समीकरणात घातले तर उत्तर डळमळतं, आणि काही गाळायचे तर कोणते, हा वाद उरतो.

गाळण्याची जुनी सवय अशी, की उत्पन्नाच्या समीकरणात जो रकाना ठळक दिसत नाही तो काढून टाकायचा. यात काय बिघडतं, ते कल्पित आकड्यांवर पाहू. पाटामुळे एकरी निव्वळ उत्पन्न वर्षाला खरोखर १०,००० रुपयांनी वाढतं असं धरू. मातीची खोली दर दहा सेंटिमीटरला १,००० रुपये देते, आणि पाटाखालची रानं सरासरी ४० सेंटिमीटर जास्त खोल आहेत. पाट आणि माती एकमेकांना चिकटून असल्यामुळे समीकरणाला दोघांचे वाटे नीट सोडवता येत नाहीत. त्यामुळे मातीचे १,००० रुपये ८०० रुपयांच्या स्टँडर्ड एररसह येतात. ‘ठळक नाही’ म्हणून रकाना गळतो आणि मातीचे ४,००० रुपये मुकाट्यानं पाटाच्या खात्यात जातात. उत्तर येतं १४,०००. त्याहून वाईट म्हणजे त्यासोबत छापलेली खात्रीची मर्यादा अरुंद असते, कारण मातीचा रकाना कधी नव्हताच अशा थाटात ती काढलेली असते. निवडीनंतरच्या अनुमानाचा हा धोका लीब आणि प्योट्शर यांनी २००५ मध्ये गणितानं मांडला होता.

बेलोनी, चेर्नोझुकोव्ह आणि हान्सेन यांनी २०१४ मध्ये सुचवलेला उपाय साधा आहे. निवड दोनदा करायची. एकदा उत्पन्न कशावरून ओळखता येतं ते विचारायचं, आणि एकदा रान पाटाखाली आहे की नाही हे कशावरून ओळखता येतं ते. दोन्हींपैकी कुठल्याही यादीत आलेला रकाना ठेवायचा. पहिल्या यादीतून निसटलेली माती दुसऱ्या यादीत सहसा सापडते. निवड लॅसो करतो, म्हणजे लहान गुणकांना दंड लावून शून्यावर आणणारं रिग्रेशन. माझ्या मते या सगळ्या साहित्यातली खरी कमाई हीच आहे.

२०१८ मध्ये चेर्नोझुकोव्ह आणि सहकाऱ्यांनी (त्यांत एस्थर डुफ्लोही होत्या) हीच कल्पना रँडम फॉरेस्टसारख्या कुठल्याही यंत्राला लागू होईल अशी केली. यंत्राकडून प्रत्येक रानाच्या उत्पन्नाचा अंदाज घ्यायचा आणि पाटाखाली असण्याचाही. दोन्हींतले उरलेले फरक काढायचे आणि एका फरकावर दुसऱ्याचं रिग्रेशन करायचं. दोन अंदाजांच्या चुकांचा इथे गुणाकार होतो, त्यामुळे दोन्ही थोडे थोडे चुकले तरी अंतिम आकड्यावरचा परिणाम खूप लहान राहतो. पण यंत्रानं ज्या रानावरून शिकायचं त्याच रानाचा अंदाज दिला, तर ते त्या वर्षीची योगायोगाचे चढउतारही पाठ करून टाकतं आणि उरलेला फरक खोटा होतो. म्हणून नमुन्याचे पाच भाग करतात. चार भागांवर शिकवून पाचव्याचा अंदाज घ्यायचा आणि पाळीपाळीनं प्रत्येक भागाला पाचवा करायचं. अशानं एकही रान वाया जात नाही. वाटणी बदलली की उत्तर थोडं हलतं, म्हणून वाटणी अनेकदा करून मधला आकडा सांगतात. वाटणीगणिक उत्तर फार हलत असेल, तर नमुना लहान आहे असं समजावं.

नेवाशात पहिली अडचण या वाटणीतच येते. एका चारीवरची रानं एकच आवर्तन घेतात. चारीच्या शेपटाला पाणी पोचलं नाही तर तिथल्या सगळ्यांचंच नुकसान होतं. गट चिठ्ठ्या टाकून वाटले, तर एक गट परीक्षेच्या भागात आणि त्याचा शेजारी शिकवणीच्या भागात, असं होतं. मग यंत्र शेजाऱ्यावरून त्या गटाचं नशीब ओळखतं आणि वाटणी नावापुरतीच राहते. इथे अख्खी चारी एकाच भागात टाकायला हवी आणि स्टँडर्ड एररही चारीनिहाय काढायला हवा. हे सांगणारे लेख आहेत, पण तयार सॉफ्टवेअरची सुरुवातीची सोय रानं सुटी सुटी वाटण्याचीच असते आणि बरेच जण ती तशीच वापरतात.

दुसरी अडचण यादीची. विहिरीची पाणीपातळी हा रकाना यंत्राला फार आवडेल, कारण तो दोन्ही समीकरणांत ठळक असतो. पण कालव्याच्या पाझरानंच तर विहिरी भरतात. तो रकाना ‘सारखा धरला’ की पाटाचाच एक लाभ हिशेबातून पुसला जातो. उसाखालच्या क्षेत्राचंही तसंच. रकाना पाटाआधीचा की नंतरचा, हे यंत्राला आकड्यांवरून कळत नाही. ते लाभक्षेत्र ओळखणाऱ्या माणसानं आधीच ठरवून द्यावं लागतं. या विषयावरच्या लेखांतून यादी कशी केली यावर दोन ओळी आणि यंत्राच्या जुळणीवर दोन पानं असतात, हे प्रमाण मला उलटं वाटतं.

टीका आतूनही झाली आहे. व्यूथरिश आणि झू यांनी दाखवलं, की लहान नमुन्यात लॅसो दोन्ही फेऱ्यांत महत्त्वाचा रकाना गाळू शकतो. दोन्हीकडे मध्यम संबंध असलेला रकाना असा निसटतो. अँग्रिस्ट आणि फ्रँडसन यांनी श्रमबाजाराच्या उदाहरणांवर तपासलं, तेव्हा नियंत्रणाचे रकाने निवडण्यात या यंत्रांचा उपयोग दिसला, पण साधन-चलं निवडण्यात ती कमी पडली.

तिसरी अडचण सर्वांत हट्टी आहे. कालव्यापासून रानाची उंची यादीत घातली की यंत्र पाटाखाली कोण, हे जवळजवळ अचूक सांगतं. मग फरकच उरत नाही. शिकवणीबाहेरच्या रानांवरही अंदाज शून्य किंवा एकला चिकटलेले दिसले, की तुलनेला जोडीदार नाही हे ओळखावं. उरलेलं उत्तर मोजक्या सीमेवरच्या रानांचं असतं, तालुक्याचं नाही. अशा वेळी सगळ्या तालुक्याचा हट्ट सोडून कालव्याच्या दोन्ही काठांची रानंच तोलणं प्रामाणिक ठरेल. तिथेही वरच्या काठाचे शेतकरी पाइपलाइन टाकून कालव्यातलं पाणी उपसतात का, हे आधी बघावं लागेल. उपसत असतील, तर त्यांच्या पुढे नोंदलेलं ‘पाटाबाहेर’ चूक ठरतं, आणि ती चूक नमुन्याच्या कुठल्याच वाटणीनं निघत नाही.