सायन स्वीप आणि ट्रान्सफर फंक्शन : प्रयोगवहीतील पद्धतीचे परीक्षण

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील नियंत्रण प्रणालीच्या प्रयोगवहीत वारंवारता प्रतिसादाचा प्रयोग बहुधा एकाच साच्याचा असतो. आरसी मंडलास निरनिराळ्या वारंवारतेचा सायन तरंग द्यावा, आऊटपुटचा आयाम ऑसिलोस्कोपवर मोजावा, सेमीलॉग कागदावर बोडे आलेख काढावा आणि स्पर्शरेषांच्या छेदनबिंदूवरून काळस्थिरांक ठरवावा. फेज मोजण्याचा रकाना कोष्टकात असलाच तर तो सूत्रावरून भरला जातो. आरसी मंडलापुरते हे खपून जाते, कारण तेथे आयामाच्या आलेखावरून फेज आपोआप निश्चित होते. प्रत्यक्ष संयंत्रास मात्र हा नियम लागू पडेलच असे नाही, आणि प्रस्तुत लेखाचा आक्षेप याच मुद्द्यावर आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा परिसर हा उसाचा पट्टा असल्याने साखर कारखान्यातील रसतापकाचे उदाहरण येथे समर्पक ठरेल. चुना मिसळलेला रस निवळणी टाकीत जाण्यापूर्वी सुमारे 102 ते 105 अंश सेल्सिअसपर्यंत तापविला जातो. वाफेची झडप हे इनपुट आणि रसाचे तापमान हे आऊटपुट. तापमापक तापकापासून काही अंतरावर नळीत बसविलेला असल्यामुळे तापलेला रस तेथपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. स्पष्टीकरणासाठी असे गृहीत धरू की, संयंत्राचे खरे रूप पुढीलप्रमाणे आहे. झडपेची उघडीक टक्क्यांत आणि काळ सेकंदांत मोजला आहे.

`G(s) = 0.8 e^(-20s) / (100s + 1)`

नियंत्रक मॅन्युअलवर ठेवून झडप ±4 टक्के हलविली, तर 0.01 रेडियन प्रति सेकंद या वारंवारतेला तापमान सुमारे ±2.3 अंशांनी झुलेल, 0.05 ला ±0.63 आणि 0.1 ला केवळ ±0.32 अंशांनी. या तीन आकड्यांवरून पहिल्या क्रमाचे ट्रान्सफर फंक्शन सुबक जुळते, आणि त्यात 20 सेकंदांच्या विलंबाचा मागमूसही नसतो. कारण विलंबाने आयाम मुळीच बदलत नाही. फेज पाहिली तर चित्र पालटते. 0.05 ला पहिल्या क्रमाच्या प्रतिरूपानुसार फेज 78.7 अंश मागे असावयास हवी. प्रत्यक्षात ती 136 अंश मागे असते. उरलेले 57.3 अंश म्हणजे एक रेडियन, त्यास 0.05 ने भागल्यास 20 सेकंद मिळतात. 0.1 ला उरणारा फरक दोन रेडियनांचा, म्हणजे पुन्हा 20 सेकंदच. हा फरक वारंवारतेच्या साध्या, लॉग नसलेल्या अक्षावर मूळबिंदूतून जाणाऱ्या सरळ रेषेत पडला, तर तो विलंब होय.

या चुकीची किंमत लहान नाही. विलंबरहित प्रतिरूपानुसार प्रमाणी नियंत्रकाचा गेन कितीही वाढविला तरी बंद फेरा स्थिर राहतो. 15 गेन ठेवल्यास काळस्थिरांक 7.7 सेकंदांवर येईल असे मोहक उत्तरही मिळते. खऱ्या संयंत्रात फेज 180 अंश मागे पडते ती 0.084 रेडियन प्रति सेकंदाच्या आसपास, आणि तेथे गेनची मर्यादा सुमारे 10.6 आहे. ती गाठताच तापमान साधारण 74 सेकंदांच्या आवर्तनाने झुलत राहील. 15 गेनला तर झडप दोन्ही टोकांवर आदळत राहील.

फेज मोजली म्हणून सर्व साधले असेही नाही. ई. सी. लेव्ही यांनी 1959 मध्ये मांडलेली जुळवणीची पद्धत आजही सोयीची म्हणून वापरली जाते. तीत प्रत्यक्ष त्रुटीऐवजी छेदाने गुणलेल्या त्रुटीचा वर्ग लघुतम केला जातो. आपल्या उदाहरणात 0.1 ला छेदाचे मूल्य सुमारे 10 आहे. म्हणजे जेथे संकेत सर्वांत क्षीण आणि गोंगाट सर्वांत ठळक, त्या मापनास शंभरपट वजन मिळते. सनथनन आणि कर्नर यांनी 1963 मध्ये सुचविल्याप्रमाणे मागील फेरीतील छेदाने भागत पुनःपुन्हा जुळवणी केल्यास हा दोष बराच कमी होतो. मात्र विलंब आधी वेगळा काढलेला असावा. अन्यथा तो भरून काढण्यासाठी प्रतिरूपाचा क्रम विनाकारण वाढत जातो.

मापनाच्या काळाचा प्रश्न अधिक अवघड आहे. 0.001 रेडियन प्रति सेकंदाचे एक आवर्तन 6283 सेकंदांचे; तीन आवर्तनांस पाच तासांहून अधिक वेळ लागतो. तेवढ्या काळात रसाचा प्रवाह आणि वाफेचा दाब स्थिर राहतील असे मानणे भाबडेपणाचे होईल. म्हणून अगदी खालच्या वारंवारतेचा गेन स्टेप चाचणीतून घेणे प्रस्तुत लेखकास अधिक प्रामाणिक वाटते. स्वीप घाईने केल्यास संयंत्र प्रत्येक वारंवारतेला स्थिरावत नाही. चढता आणि उतरता स्वीप यांचे आलेख एकमेकांवर न पडणे ही त्याची खूण. मात्र झडप अडखळत असल्यासही हे आलेख वेगळे पडू शकतात. तेव्हा निम्म्या आयामाने चाचणी पुन्हा करावी. झडप अडखळत असेल तर गेन बदललेला दिसतो आणि तापमानाच्या तरंगाचे माथे सपाट होतात. अशा संयंत्राला एकच ट्रान्सफर फंक्शन नसते. जुळविलेले फलन त्या एका आयामापुरतेच खरे असते, आणि तो आयाम अहवालात फलनाशेजारीच नोंदविलेला असावा.