सुखाचं लिहायचं कसं? बालकवींच्या दोन कविता आणि एक लग्नचौक

बोईसरच्या एका लेखन-शिबिरात एक तरुण आम्हाला भेटला होता. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणारा. म्हणाला, "सर, अपघाताबद्दल लिहिलं की लोक थांबून वाचतात. घरी बरं चाललंय असं लिहिलं की 'छान' म्हणतात आणि पुढे जातात. मग बरं चाललेलं लिहायचं कसं?" आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला आम्ही उशिरा दिलेलं उत्तर आहे.

या तरुणाची अडचण शोपेनहाउअरने आपल्या लेखनात नेमकी मांडली होती. त्याचं म्हणणं असं, की दुःख आपल्याला थेट जाणवतं, सुख मात्र दुःख थांबल्यानेच कळतं. सगळं शरीर ठीक असतं तेव्हा त्याची आपल्याला जाणीव नसते, चप्पल चावते तेवढी जागा तेवढी कळते. यातून त्याने साहित्याबद्दल निष्कर्ष काढला. महाकाव्य असो की नाटक, त्यात सुखासाठी चाललेली धडपड दाखवता येते, खुद्द सुख दाखवता येत नाही. नायक इष्ट स्थळी पोहोचला की पडदा पाडावा लागतो, कारण पुढे सांगायला काही उरत नाही.

हे पटण्यासारखं आहे. वेदनेला कारण असतं, कोणीतरी जबाबदार असतो, पुढे काय होणार ही धास्ती असते. म्हणजे गोष्टीला लागणारं सगळं सामान ती सोबत घेऊनच येते. समाधानाला यातलं काहीच नसतं. पण मराठीत एका कवीने हे दोन्ही बाजूंनी करून पाहिलेलं आहे, म्हणून शोपेनहाउअर कुठवर बरोबर आहे ते तपासता येतं. तो कवी म्हणजे बालकवी, त्र्यंबक बापूजी ठोमरे, 1890 ते 1918.

'आनंदी आनंद गडे' आपल्या सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे. तिच्यात आनंदाचं नाव पुन्हा पुन्हा येतं. वारा, प्रकाश, पाखरं, फुलं, जे दिसेल ते आनंदी. चालीवर म्हणताना मजा येते, यात वाद नाही. पण शेवटाकडे काय होतं ते पाहा. कवी एकदम स्वार्थाच्या बाजारात जातो, तिथे रडणारी माणसं दाखवतो, द्वेष आणि मत्सर यांची नावं घेतो, आणि ते सुटल्यावर जे उरतं त्याला आनंद म्हणतो. इतका वेळ आनंदच सांगणाऱ्या कवितेला शेवटी दुःखाचा आधार घ्यावा लागला. इथे शोपेनहाउअर जिंकला असं म्हणायला हरकत नाही.

आता 'औदुंबर' घ्या. अवघ्या आठ ओळी. ओढ्याच्या दोन्ही काठांवर हिरवळ, पलीकडे टेकडीजवळ लहानसं गाव, पुढे शेतं, त्यांतून वेडीवाकडी जाणारी पायवाट, ती जाऊन पोहोचते एका डोहाशी, आणि तिथे पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड. भावनेचं नाव एकही नाही. आहेत ते रंग, निळा, हिरवा, पांढरा, काळा, आणि नजरेला दिलेली एक वाट. आपण लांबून पाहायला लागतो आणि त्या पायवाटेनेच झाडापाशी येतो. ते झाड बसलेलं असतं, म्हणून आपणही थांबतो. काहीही न घडता कविता वाचकाला धरून ठेवते, कारण नजरेला एकेक पाऊल टाकण्याचं काम असतं.

पण पुढचीही गंमत सांगायला हवी. बालकवी तरुणपणीच भादली स्थानकाजवळ रेल्वे-अपघातात गेले. हे माहीत असलेल्या अनेक वाचकांना त्या काळ्या डोहात मृत्यूच दिसतो. तो अर्थ चूक आहे असं आम्ही म्हणत नाही, कवितेतली काळोखी खरीच आहे. मात्र त्या काळोखीला कवीने गोडही म्हटलेलं आहे, आणि तो शब्द आपण पटकन ओलांडतो. शांतता दिसली की तिच्यामागे दुःख शोधल्याशिवाय आपल्याला खोल वाचल्यासारखं वाटत नाही. सुखाच्या लेखनाला वाचकाकडून होणारी ही अडचण आहे.

हीच रीत आपल्या पालघर जिल्ह्यात भिंतीवर पाहायला मिळते. वारल्यांच्या लग्नात सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. हो, 'लिहितात' असंच म्हणतात. मध्ये पालघट देवी, भोवती नक्षीची चौकट. चौकाशिवाय लग्न लागत नाही. वारली चित्रांतला तारपा-नाच तर सगळ्यांच्या ओळखीचा. त्यातल्या एकाही माणसाच्या चेहऱ्यावर हसू नसतं, कारण डोकं म्हणजे नुसता गोल. आनंद दिसतो तो रचनेत. एकमेकांना धरलेली रांग, मध्ये तारपा वाजवणारा, आणि त्याच्याभोवती वळत जाणारी ती सगळी माणसं.

इथे मात्र थांबून एक प्रश्न विचारावा लागतो. या लग्नाचा खर्च कुठून यायचा? गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचा. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघं त्याच्याकडे राबायची. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. 1945च्या वारली उठावाने वेठीबरोबर ही पद्धतही मोडायला घेतली. तेव्हा हॉटेलच्या भिंतीवर तारपा-नाच रंगवून 'आदिवासी किती समाधानी' असं कोणी लिहिलं, तर ते समाधान लिहिणाऱ्याच्या सोयीचं असतं. ओळखायची खूण सोपी आहे. अशा लेखनात समाधानी माणूस कधी काही करत नाही, मागत नाही, नाही म्हणत नाही. तो नुसता हसतो. चौक लिहिणाऱ्या बाईला मात्र कर्ज माहीत होतं, तरी तिने चौकट सरळ काढली. हे दोन्ही एकत्र धरता आलं तर तो आनंद खरा वाटतो, आणि त्यासाठी शेवटी दुःखाचं प्रवचन जोडावं लागत नाही.

आता पुन्हा त्या तरुणाकडे येऊ. त्याच्या पहिल्या मसुद्यात 'स्वर्गसुख' होतं, 'आईच्या मायेची ऊब' होती. आम्ही त्याला एवढंच विचारलं, की रात्रपाळीहून आल्यावर नेमकं काय होतं, क्रमाने सांग. तो म्हणाला, "सातला पोचतो. अंघोळीचं पाणी तापलेलं असतं. आई चहा ठेवते आणि समोर बसते. चहा संपेपर्यंत काही विचारत नाही. संपला की कप उचलते आणि मग म्हणते, आज वास कमी येतोय कपड्यांना."

आम्ही म्हटलं, हेच लिही. त्याने विचारलं, "यात आनंद कुठे लिहायचा?" आम्ही म्हटलं, तो शब्द घालूच नकोस. आई गप्प बसते ते कपभर चहाइतकं लांबव, आणि कपड्यांच्या वासाचं वाक्य काढू नकोस. त्या एका वाक्यात कारखाना आहे, रोजची काळजी आहे, आणि आज ती थोडी कमी आहे हेही आहे.

दुसरा मसुदा त्याने शिबिरात वाचला, तेव्हा कोणी 'छान' म्हटलं नाही. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "आई स्वतः चहा कधी घेते?" तो गडबडला. म्हणाला, "माहीत नाही, बघायला पाहिजे."