चाल सुचली की आठवली?

संगीत नाटकांच्या जुन्या छापील प्रती ज्यांनी हाताळल्या असतील, त्यांना पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात छापलेला ‘चाल’ हा शब्द आठवत असेल. त्यापुढे एखाद्या आधीच्या गाण्याची सुरुवात दिलेली असे. म्हणजे हे पद त्या गाण्यासारखे म्हणावे. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ (1880) आणि ‘सौभद्र’ (1882) लिहिताना लावणीच्या, कीर्तनाच्या आणि कानडी गाण्यांच्याही चाली घेतल्या. त्यात लपवाछपवी नव्हती. चाल कुठून आली हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आजच्या चालकाराची अडचण अशी की, पुष्कळदा ते त्याला ठाऊकच नसते. पहाटे उठावे, पेटीवर बोटे फिरवावीत आणि एक ओळ अशी अलगद उतरावी की जणू ती आपली वाटच पाहत होती. हा क्षण मोठा सुखाचा, आणि नेमका तोच संशयाचा. इतक्या सहज आलेली ओळ सुचलेली असते की आठवलेली, हे तिच्या गोडव्यावरून कळत नाही. उलट ओळखीच्या वस्तूला गोडवा अधिकच असतो. नवी चाल लोकांपुढे ठेवण्याआधी ती अजाणता दुसऱ्या गाण्यावर तर गेली नाही ना, हे कसे पडताळावे, याचा विचार आपल्याकडे ‘चार मित्रांना ऐकवून पाहिली’ यापलीकडे फारसा जात नाही. तो का जायला हवा, हे सांगणारे जगातले सर्वांत बोलके उदाहरण एका इंग्रज गायकाचे आहे. गंमत अशी की ते उदाहरण आपल्याला सरगमात गाऊन पाहता येते.

‘बीटल्स’ या चौकडीतला जॉर्ज हॅरिसन म्हणजे रविशंकरांकडे सतार शिकलेला तोच. 1969 च्या डिसेंबरात कोपनहेगनच्या मुक्कामात गिटारीच्या दोन स्वरसंगती आलटून पालटून छेडताना त्याला एका भक्तिगीताची चाल सुचली. ‘माय स्वीट लॉर्ड’ नावाचे ते गाणे 1970 साली प्रसिद्ध झाले. त्यात हरिनामाचा घोष आहे, गुरुस्तुतीचा संस्कृत श्लोक आहे. गाणे जगभर गाजले आणि 1971 साली त्याच्यावर न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लागला. दाव्यातले मूळ गाणे होते ‘हीज सो फाइन’. रॉनी मॅक याने रचलेले आणि ‘शिफॉन्स’ या मुलींच्या गटाने गायलेले, 1963 साली गाजलेले हे गाणे एका पोरीच्या मनात भरलेल्या देखण्या मुलाचे, उडत्या लयीचे. दोन्ही गाण्यांचे शब्द ऐकून कुणाला साम्याची शंकाही येणार नाही.

शब्द आणि लय बाजूला ठेवा, नुसते स्वर घ्या. जुन्या गाण्यात पहिला तुकडा आहे ‘प ग रे’. तो चार वेळा येतो. मग दुसरा तुकडा, ‘प ध सां ध सां’. तोही चार वेळा. ही चौकडी दुसऱ्यांदा येते तेव्हा एका जागी एक निसटता कण लागतो आणि तुकडा ‘प ध सां ध रें सां’ असा होतो. आता नवे गाणे. ‘प ग रे’ चार वेळा, शब्दांना साजेसा थोडा वळवून. मग ‘प ध सां ध सां’ तीन वेळा, आणि चौथ्याच्या जागी साधारण तेवढ्याच लांबीची एक निराळी, सुंदर वळणाची ओळ. तो निसटता कणही त्याच जागी. खालची स्वरसंगतही दोन्हींत एकच.

पेटी जवळ असेल तर हे वाजवून पाहावे. मग लगेच मनात येईल, अहो, हे तर सगळे भूपाचे स्वर! सा रे ग प ध. ते कुणाच्या मालकीचे कसे? आक्षेप बरोबर आहे, आणि न्यायाधीश रिचर्ड ओवेन यांनाही तो मान्य होता. हे गृहस्थ स्वतः ऑपेरा रचणारे, म्हणजे कानाचे पक्के. 1976 च्या निकालात त्यांनी म्हटले ते थोडक्यात असे: यातला एकही तुकडा स्वतंत्रपणे नवा नाही; पण पहिला तुकडा चार वेळा आणि लगोलग दुसरा चार वेळा ही मांडणी मात्र फार विरळा आहे. हॅरिसनने जाणूनबुजून चोरी केली असे त्यांनी म्हटले नाही. त्याच्या अंतर्मनाला ही जोडणी रुचते हे आधीच ठाऊक होते, कारण ती एका गाण्यात रुचलेली होती. जाणत्या मनाला मात्र ते गाणे आठवत नव्हते. तरीही कायद्याच्या लेखी ती नक्कलच ठरली. पुढचा पैशाचा खटला लांबत गेला आणि त्याचे पुढे वेगळेच वळण झाले. हॅरिसनच्याच जुन्या व्यवस्थापकाने मधल्या काळात 1978 साली त्या जुन्या गाण्याचे हक्क 5 लाख 87 हजार डॉलरना विकत घेतले. 1981 मध्ये न्यायालयाने ठरवले की त्याला तेवढीच रक्कम मिळावी, नफा नाही. पण तो भाग वकिलांचा.

माझ्या मते या निकालात सर्वांत वजनदार पुरावा चार-चारची मोजणी हा नाही. तो एवढासा रिषभाचा कण आहे. दोन माणसांना एकच साधी वाट सापडू शकते, पण त्या वाटेवर त्याच ठिकाणी दोघांनीही उडी मारावी हे योगायोगाने क्वचितच घडते. त्यामुळे पडताळणी करताना आधी हरकती, मुरक्या काढून सांगाडा पाहावा हे खरे, पण मग त्या काढलेल्या हरकती वेगळ्या लिहून पुन्हा पाहाव्यात.

दुसरे असे की, हॅरिसन बेसावध होता असेही नाही. ‘ओ हॅपी डे’ या चर्चमधल्या भजनावरून आपल्याला प्रेरणा मिळाली, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. म्हणजे एका दारावर त्याचे लक्ष होते. पाहुणा आला तो परसदारातून! चालकार नेहमी ज्या गाण्यांची त्याला आठवण आहे त्यांच्याशीच ताडून पाहतो. आणि घात करते ते विसरलेले गाणे. म्हणून स्वतःच्या कानाने केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे.

हॅरिसनचाच सोबती पॉल मॅकार्टनी याची वागणूक इथे शेजारी ठेवण्यासारखी आहे. ‘यस्टरडे’ची चाल त्याला झोपेतून जागे होताना संपूर्ण सापडली आणि त्याला आनंदापेक्षा धास्तीच वाटली. जवळजवळ महिनाभर तो संगीत व्यवसायातल्या लोकांना ती ऐकवून विचारत राहिला, ‘हे कुणाचे आहे?’ सापडलेली वस्तू पोलिसांत जमा करावी आणि कुणी हक्क सांगायला आले नाही तर घरी आणावी, तशी ही गोष्ट होती असे त्यानेच पुढे सांगितले. तोवर चालीवर भलतेच कामचलाऊ शब्द होते. 1965 मध्ये गाणे ध्वनिमुद्रित झाले. विचारण्याची ही रीत चांगली, फक्त एक उणीव राहते. विचारलेले सगळे एकाच वर्तुळातले असतील तर जे एकाला माहीत नाही ते बहुधा दुसऱ्यालाही नसते.

मग करावे काय? चाल बांधली की आठवडाभर बाजूला ठेवावी. मग शब्द काढून नुसत्या ‘ना ना’वर म्हणावी, कारण शब्द कानाला भुलवतात. सरगम लिहावी, पण काळी चार की पांढरी एक हे विसरून, आपला सा धरून; मूळ गाणे वेगळ्या पट्टीत असेल तर साम्य त्याशिवाय दिसतच नाही. मग लय बदलावी. संथ चाल दुप्पट लयीत, दादऱ्यातली केरव्यात घालून म्हणावी. ‘हीज सो फाइन’ भजनाच्या गतीने म्हटले की हॅरिसनचे गाणे कसे पुढे येते पाहा. मग ऐकणाऱ्याला ‘आवडली का?’ असे विचारू नये. पहिली ओळ म्हणून थांबावे आणि त्यालाच म्हणावे, पुढे तुम्ही म्हणा. त्याच्या तोंडून तयार दुसरी ओळ निघाली तर समजावे की घर आधीच कुणाचे तरी आहे.

साम्य सापडले की घाबरून चाल फाडून टाकायचेही कारण नाही. नुसते स्वर सारखे असणे म्हणजे काहीच नव्हे. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच. थांबण्याच्या जागा आणि जोर वेगळा म्हणून राग वेगळे. तसेच इथे पाहावे. पहिला तुकडा जुळला तर दुसरा जुळतो का? त्याच क्रमाने? ओळ थांबते तो स्वर तोच आहे का? पहिल्यावर थांबले तर ती रागाची देणगी. तिन्ही जुळले आणि वर एखादी विरळा जागाही जुळली, तर ती दुसऱ्याची चाल. ‘इतके स्वर सारखे चालतात’ अशी एक समजूत गायक-वादकांत पक्की आहे. सात म्हणतात, कुणी आठ मात्रा म्हणतात. असा आकडा कुठल्याही कायद्यात नाही.

हल्ली फोनला गुणगुणून दाखवले की तो गाणे ओळखतो. 2020 पासून गूगलने ही सोय दिली आहे. ती जरूर वापरावी. मात्र गाणे ओळखणाऱ्या सगळ्याच सोयी तशा नसतात. काही फक्त विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा ठसा जुळवतात. त्यांना तुमची गुणगुण दाखवून उपयोग नाही. आणि जे कधी ध्वनिमुद्रित झालेच नाही ते कुठलाच फोन सांगणार नाही. आपल्या गल्लीत दोन भाषांची गाणी लहानपणापासून कानात पडतात. जात्यावरची, पाळण्याची, मोहरमच्या मिरवणुकीतली. त्यांतली बहुतेक कुठे नोंदलेली नाहीत.

हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी महिला मंडळाच्या कोजागिरीसाठी मी एका कवितेला चाल लावली. मराठी मित्रांना ऐकवली, सगळे म्हणाले नवी आहे. मग शेजारच्या कानडी अज्जींच्या ओसरीवर नुसती ‘ना ना’ म्हणून पहिली ओळ गायली आणि थांबलो. अज्जींनी तांदूळ निवडता निवडता दुसरी ओळ पुरी केली. शेवटच्या धैवतावरची माझी लाडकी जागाही तिथेच.

‘‘हे आमच्या अव्वाचं जात्यावरचं की!’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुला कुठं मिळालं रे?’’

कुठे मिळाले? भिंतीपलीकडून, चार-पाच वर्षांचा असताना, अर्धवट झोपेत. दुसरे उत्तर मला सापडत नाही. चाल बदलायला बसलो, दोन संध्याकाळी घालवल्या. प्रत्येक बदल ओढूनताणून केलेला वाटू लागला. शेवटी ती तशीच ठेवली, आणि कार्यक्रमाच्या पत्रिकेत माझ्या नावाऐवजी कवितेच्या डोक्यावर बारीक टाइपात छापून घेतले: ‘चाल – जात्यावरच्या कानडी गाण्याची.’ अज्जी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. दुसऱ्या ओळीला त्या गायिकेच्या आधीच सुरू झाल्या.