कातळातले लाकूड : कार्ल्याच्या चैत्यगृहातील उजेडाविषयी

कार्ले, भाजे आणि बेडसे या तीन लेण्यांतील चैत्यगृहांचे तलविन्यास एका कागदावर शेजारी शेजारी काढले, तर लांबीरुंदीचा फरक सोडल्यास ते एकमेकांची भावंडे वाटतात. लांबट दालन, त्याच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, रांगांमागे अरुंद ओवऱ्या, शेवटाला अर्धवर्तुळ आणि त्या अर्धवर्तुळात स्तूप. उपयोगही तिन्हीकडे एकच : जमून उपासना करायची आणि स्तूपाला प्रदक्षिणा घालायची. पण ज्याने ही तिन्ही दालने पाहिली आहेत त्याला डोळे बांधून नेले आणि आत पट्टी सोडली, तरी आपण कुठे आहोत हे तो क्षणात सांगेल. तलविन्यासात न उतरणारे जे काही आहे, त्याचा शोध या लेखात घ्यायचा आहे. मुख्य उदाहरण कार्ल्याचे आहे; बाकीची दोन आणि पुढे अजिंठा-वेरूळ ही पडताळणीपुरती.

कार्ल्याचे चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते. आतली लांबी सव्वाशे फुटांच्या आसपास, रुंदी आणि उंची प्रत्येकी पंचेचाळीस फुटांच्या जवळपास. ओसरीतल्या एका लेखात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने या शैलगृहाला जंबुद्वीपात उत्तम म्हटले आहे. देणगीदाराची फुशारकी म्हणून ते सोडून देता येईल, पण आत गेल्यावर निदान त्या क्षणी तरी ते सोडून द्यावेसे वाटत नाही.

लेण्याचे तोंड पश्चिमेला. समोरच्या भिंतीत तीन दारे : मधले मुख्य दालनात उघडणारे, बाजूची दोन ओवऱ्यांत. दारांच्या डोक्यावर दगडाचाच सज्जा आहे आणि सज्जाच्या वर ती प्रचंड नालाकृती कमान, म्हणजे चैत्यगवाक्ष. एवढ्या मोठ्या दालनाला उजेड देणारी खरी जागा ती एकच. दारांतून येणारा प्रकाश जमिनीवर थोडासा सरकून थांबतो. जेम्स फर्ग्युसनने एकोणिसाव्या शतकात या प्रकाशयोजनेची मनापासून तारीफ केली होती. उजेड एकाच ठिकाणाहून, वरून आणि पाठीमागून येतो आणि नेमका स्तूपावर पडतो, हे त्याने अचूक हेरले. त्याच्या निरीक्षणातला सर्वांत मोलाचा भाग मात्र पाहणाऱ्याच्या जागेविषयीचा आहे. आत शिरणारा माणूस सज्जाच्या खाली, सावलीत उभा असतो. उजेडाचा उगम त्याच्या डोक्यामागे असल्यामुळे तो त्याला दिसतच नाही. दिसतो तो उजेड जिथे पोचला ती जागा, म्हणजे स्तूप. खिडकीकडे तोंड करून उभे राहिले की बुबुळे आकसतात आणि बाकीचे दालन काळे पडते. इथे ते होत नाही. बाहेरच्या झगझगीत उन्हातून आलेल्या डोळ्यांना सरावायला मात्र वेळ द्यावा लागतो. पहिल्या मिनिटात खांब आणि स्तूप एवढेच दिसते. पाचेक मिनिटांनी छत खाली उतरून आल्यासारखे वाटते. बहुतेक पर्यटक तोवर बाहेर पडलेले असतात, एकवीरेच्या रांगेत.

फर्ग्युसनच्या विवेचनात मला एक गोष्ट अपुरी वाटते. उजेड कुठून आला हे त्याने पाहिले, पण तो कशावर पडला याचा विचार पुरेसा केला नाही. लेणे सह्याद्रीच्या काळ्या कातळात खोदलेले आहे. हा दगड उजेड पिऊन टाकतो. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीसारखा तो दालनभर परत फेकत नाही. दिवसाचा बराच काळ आत येतो तो आकाशाचा उजेड, थेट ऊन नव्हे, त्यामुळे तो मऊ असतो आणि काळ्या पृष्ठावर आणखी मऊ होतो. अशा दालनाचे छत जर गुळगुळीत अर्धवर्तुळ असते, तर काय दिसले असते? वर नुसता एक काळोखी फुगवटा. त्याला खोली नाही, लांबी नाही, तो किती वर आहे याचा अंदाज नाही.

आणि इथे लाकूड येते. कार्ल्याच्या छताला आतून लाकडी फासळ्या लावलेल्या आहेत. खांबांच्या वरून निघून कमानीसारख्या पलीकडे उतरणाऱ्या या फासळ्या दारापासून स्तूपापर्यंत ओळीने आहेत आणि अर्धवर्तुळाकडे त्या एका ठिकाणी गोळा होतात. त्यांतल्या बऱ्याच आजही जागेवर आहेत, आणि त्या लेण्याच्याच काळातल्या असाव्यात असे फर्ग्युसनलाही वाटले. स्तूपावरचे छत्रही लाकडाचेच, आणि तेही टिकले आहे. आता गंमत अशी, की या फासळ्या काहीही पेलत नाहीत. वरचा डोंगर स्वतःला पेलतो आहे. उद्या सगळे लाकूड काढून घेतले तरी खडा पडणार नाही. अभियांत्रिकीच्या हिशेबात त्यांचे काम शून्य.

यावरचे रूढ उत्तर सर्वांना ठाऊक आहे : आधी लाकडी चैत्यगृहे बांधली जात, लेणी खोदणाऱ्यांनी सवयीने त्यांचीच नक्कल केली. हे उत्तर खोटे नाही. खांबांचे अष्टकोनी सोट, कमानीचा नालाकार, भिंतीवर कोरलेले कठडे, सगळे सुताराच्या घरातून आलेले आहे. पण नक्कलच करायची तर दगडात का नाही केली? कठडे दगडात कोरणाऱ्या हातांना फासळ्या कोरणे जड नव्हते. अजिंठ्याचे दहाव्या क्रमांकाचे लेणे या प्रश्नाला नेमके पकडते. त्या चैत्यगृहात बाजूच्या ओवऱ्यांच्या छताला फासळ्या आहेत त्या दगडातच कोरलेल्या, आणि मधल्या उंच छताला मात्र लाकडाच्या बसवलेल्या होत्या. एकाच दालनात दोन्ही.

यात कष्टाचा हिशेब असणार हे मान्य केले पाहिजे. लेणे वरून खाली खोदले जाते. छत आधी पुरे होते, मग पायाखालचा दगड काढत काढत कारागीर जमिनीपर्यंत येतात. म्हणूनच परातीची गरज छतापुरती पडत नाही. गवाक्षाची जागाही त्यामुळे आधी मोकळी होते, कारण त्याच वाटेने आत शिरायचे आणि त्याच उजेडात काम करायचे. अशा वेळी मोठ्या वक्र छतात प्रत्येक फासळीपुरता दगड शिल्लक ठेवणे म्हणजे पहिल्याच घावापासून सगळे माप डोक्यात हवे. एक कपची उडाली की फासळी गेली. ओवरीत हे छोट्या पल्ल्यावर जमते. मधल्या छताला लाकूड सोपे. पण सोपे असूनही ते वाहून आणणे, वाकवणे, कातळाला बसवणे हे बिनकामाचे कष्टच होते. ते टाळून छत कोरे सोडता आले असते. कोणी सोडले नाही.

माझे म्हणणे असे की फासळ्या हे उजेड मोजण्याचे साधन आहे. गवाक्षातून आलेला प्रकाश छताला तिरका घासत जातो. प्रत्येक फासळीची पुढची कड उजळते, मागे सावलीची एक पट्टी पडते. पहिली पट्टी ठळक, दहावी पुसट, स्तूपावरची जेमतेम. उजेड ओसरत जातो तो असा टप्प्याटप्प्याने दिसतो, आणि त्यामुळेच दालनाची लांबी डोळ्यांना कळते. जमिनीवर हेच काम खांब करतात. त्यात लाकडाचा तपकिरी रंग आणि रेषा दगडाच्या करड्या काळेपणात वेगळी उठते. हात लावता येत नाही इतक्या उंचीवर असूनही हे ‘घर’ आहे, गुहा नव्हे, ही जाणीव तिथून येते.

बेडसे इथे उलटी साक्ष देते. डोंगराचा दगड समोर राखून मधून अरुंद वाट सोडलेली, तिच्यातून गेल्यावर एकदम ओसरीचे उंच खांब आणि त्यांवरचे घोडे, बैल, हत्ती व स्वार. माझ्या मते या परिसरातला सर्वांत देखणा प्रवेश तोच. लेणे पूर्वाभिमुख असल्याने सकाळी जावे. पण आत छताला आता फासळ्या नाहीत. दालन सुबक आहे, खांब साधे आणि नेटके, तरीही नजर वर गेली की तिला धरायला काही सापडत नाही आणि ती लगेच खाली स्तूपाकडे येते. ओसरीने दिलेले वचन दालन पाळत नाही. भाज्याचे नुकसान वेगळे आहे. तिथे फासळ्या बऱ्याच आहेत, खांबही आत झुकलेले आहेत, पण समोरची भिंतच लाकडी होती आणि ती गेली. कातळातली खाचांची भोके तेवढी उरली. त्यामुळे आज भाज्याचे दालन सताड उघडे आहे, उजेड पायापासून माथ्यापर्यंत सारखा शिरतो, आणि छायाचित्रे उत्तम येतात. मूळ भाजे कसे होते हे कळायला समोर मनानेच एक पडदा ओढावा लागतो.

कार्ल्याच्या कारागिरांना उजेडाचे भान होते याचा माझ्या दृष्टीने सर्वांत चांगला पुरावा छतात नाही, स्तूपाच्या मागे आहे. दालनाच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब सजवलेले आहेत : तळाशी घट, वर अष्टकोनी सोट, घंटेसारखे शीर्ष आणि त्यावर गुडघे टेकलेल्या हत्तींवर बसलेली माणसे, ओवरीकडच्या बाजूला घोडे. स्तूपामागचे सात खांब मात्र नुसते अष्टकोनी सोट आहेत. घट नाही, शीर्ष नाही, माणूस नाही. त्यांच्यापुढे स्तूप उभा असल्याने उजेड तिथे पोचत नाही. पैसे संपले असे म्हणावे, तर इतर खांबांवर देणगीदारांचे लेख आहेत, धेनुकाकटच्या यवनांचेही. दाते कमी नव्हते. जिथे दिसणार नाही तिथे कोरायचे नाही, एवढा व्यवहार त्यामागे असावा. आणि परिणाम असा, की स्तूपाच्या मागची बाजू रिकामी, गडद राहते आणि उजळलेला घुमट तिच्यावर उठून दिसतो.

या सगळ्याचा घात करणारी वस्तू म्हणजे खालून लावलेला विजेचा दिवा. खालचा पांढरा प्रकाश फासळ्यांच्या सावल्या पुसून टाकतो आणि हत्तींच्या पोटाखालचे तेवढे उजळतो. मोबाइलचा कॅमेराही तेच करतो. अंधार त्याला दोष वाटतो, म्हणून तो सगळे सारखे उजळून दाखवतो. ज्यांना पडताळा घ्यायचा असेल त्यांनी दुपार कलल्यावर जावे, सज्जाखाली भिंतीला टेकून उभे राहावे आणि पट्ट्या कुठपर्यंत मोजता येतात ते पाहावे. ढगाळ दिवशी त्या लवकर हरवतात.

कार्ल्यानंतर काही शतकांनी वेरूळचे दहावे लेणे खोदले गेले. तिथे फासळ्या दगडातच, छतभर, एकेक कोरून काढल्या आहेत. गवाक्ष लहान झाले आहे आणि स्तूपापुढे बुद्धाची भव्य बैठी मूर्ती आहे, म्हणजे उजेडाचे काम बरेचसे मूर्तीने उचलले आहे. कसब कार्ल्यापेक्षा वरचढ. मला ते दालन थोडे कोरडे वाटते, दगडाने लाकडाचा आकार घेतला, ऊब घेतली नाही असे. पण माझ्या मताला तिथल्या लोकांनी केव्हाच उत्तर देऊन ठेवले आहे : त्या लेण्याला ते विश्वकर्म्याचे म्हणतात, आणि बोलीत ‘सुतार का झोपडा’.