तिसऱ्या ओळीतलं पाणी

आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) ‘डिहायड्रेशन’ हा शब्द कॉलेजपेक्षा साखर कारखान्यावर जास्त ऐकू येतो. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचं गळीत १९५० साली सुरू झालं, आणि पुढे जिल्ह्यात कारखाने वाढले तशा त्यांच्या डिस्टिलऱ्याही वाढल्या. मळी आंबवायची, ऊर्ध्वपातन करायचं, स्पिरिट काढायचं. पेट्रोलमध्ये मिसळायला कोरडं इथेनॉल लागतं आणि ऊर्ध्वपातन ९५-९६ टक्क्यांवर अडतं, म्हणून शेवटचं पाणी झिओलाइटच्या बारीक गोळ्यांकडून टिपून घेतात. त्या यंत्रणेला सगळे डिहायड्रेशन प्लँट म्हणतात.

बारावीच्या वर्गात मी अल्कोहोलचं डिहायड्रेशन शिकवायला घेतलं, तेव्हा डिस्टिलरीत काम करणाऱ्या एका गृहस्थाचा मुलगा उठून म्हणाला, “सर, आमच्या वडलांच्या प्लँटवर हे रोज होतं. पण तिथं आत जातं ते अल्कोहोल आणि बाहेर येतं तेही अल्कोहोलच. तुमच्या फळ्यावर मात्र गॅस निघतोय.”

दोघांचंही बरोबर होतं. प्लँटवरचं पाणी अल्कोहोलमध्ये मिसळलेलं असतं, फळ्यावरचं पाणी अजून पाणी झालेलंच नसतं. रेणूत एका कार्बनवर OH आहे आणि शेजारच्या कार्बनवर H आहे. ते दोन्ही निघून जातात, पाणी तयार होतं आणि मागे दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध उरतो. ४६ ग्रॅम इथेनॉलमधून २८ ग्रॅम इथिलीन मिळतं आणि १८ ग्रॅम पाणी जातं. म्हणजे कोरड्याठाक इथेनॉलमध्येही वजनाचा ३९ टक्के भाग पाणी व्हायला तयार बसलेला असतो.

या अभिक्रियेच्या तीन ओळी सेंद्रिय रसायनाच्या पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. त्या नीट वाचून बघाव्यात असं मला फार दिवस वाटत होतं.

CH3CH2OH → CH2=CH2 + H2O
(९५ टक्के H2SO4, १७० अंश सेल्सिअस)

CH3CH2CH(OH)CH3 → CH3CH=CHCH3 + H2O
(६० टक्के H2SO4, १०० अंश)

(CH3)3COH → (CH3)2C=CH2 + H2O
(२० टक्के H2SO4, ८५ ते ९० अंश)

पहिलं अल्कोहोल प्रायमरी. त्याच्या OH वाल्या कार्बनला दुसरा एकच कार्बन जोडलेला आहे. दुसरं सेकंडरी, तिथे दोन. तिसरं टर्शरी, तिथे तीन. वरून खाली येताना आम्ल पातळ होत जातं आणि उष्णताही उतरते. विद्यार्थी एवढं पाठ करतात आणि पुढच्या प्रश्नाकडे जातात. ओळींचा अर्थ मात्र कंसात आहे, आणि त्यातही तिसऱ्या कंसात.

वीस टक्के आम्ल म्हणजे किती, हे डोळ्यांपुढे आणायचं तर ट्रॅक्टरची बॅटरी आठवावी. चार्ज केलेल्या बॅटरीत साधारण ३५ टक्के सल्फ्युरिक आम्ल असतं. म्हणजे तिसऱ्या ओळीतलं आम्ल बॅटरीतल्यापेक्षाही पातळ, आणि पाचातले चार भाग निव्वळ पाणी. चहाच्या आधणापेक्षा कमी तापलेल्या असल्या पाण्यात टर्शरी ब्युटिल अल्कोहोल स्वतःच्या अंगचं पाणी टाकतं आणि आयसोब्युटिलीन वायू होऊन निघून जातं.

इथे आपली एक जुनी समजूत मोडते. साखरेवर संहत सल्फ्युरिक आम्ल ओतल्यावर उसळून येणारा काळा खांब ज्याने शाळेत पाहिला, त्याच्या मनात पक्कं बसलेलं असतं की हे आम्ल तहानलेलं आहे आणि पाणी ओढून घेतं. साखरेच्या जिल्ह्यात तर हा प्रयोग कुणी चुकवत नाही. मग अल्कोहोलचं पाणीही आम्ल तसंच ओढत असणार, असं वाटणं साहजिक आहे. पहिल्या ओळीपुरतं ते खपूनही जातं. पण तिसऱ्या ओळीतलं आम्ल पाण्यात आधीच गळ्यापर्यंत बुडालेलं आहे, त्याला कसली तहान? तरीही पाणी सुटतं. तेव्हा आम्लाचं मुख्य काम वेगळंच असलं पाहिजे.

ते काम प्रोटॉन देण्याचं आहे. OH हा गट कार्बनला सोडून गेला तर त्याला हायड्रॉक्साइड म्हणून, ऋण भार घेऊन जावं लागतं, आणि आम्लाच्या द्रावणात तसं जाणं जवळपास अशक्य. त्याच्या ऑक्सिजनवर आम्लाने एक प्रोटॉन बसवला की तोच गट OH2+ होतो, आणि मग तो कार्बनला सोडतो तेव्हा साधं पाणी म्हणून सोडतो. जाताना तो बंधातले दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन जातो. कार्बनवर धन भार उरतो. याला कार्बोकॅटायन म्हणतात. मग शेजारच्या कार्बनवरचा एक प्रोटॉन आसपासचं पाणी काढून घेतं, त्याच्या बंधातले इलेक्ट्रॉन रिकाम्या जागेकडे वळतात आणि दुहेरी बंध होतो. सुरुवातीला उसना दिलेला प्रोटॉन द्रावणात परत जमा. आम्ल खर्च होत नाही, म्हणूनच ते उत्प्रेरक.

यातली सगळ्यात अवघड पायरी पाणी सुटण्याची. ती अवघड असण्याचं कारण असं की मागे उरणारा कार्बन अडचणीत सापडतो: त्याच्याभोवती आठऐवजी सहाच इलेक्ट्रॉन, वर धन भार, आणि एक कक्षक पूर्ण रिकामं. त्याला आधार कोण देणार, यावर सगळा वेग ठरतो. आधार देतात शेजारच्या कार्बनांवरचे C–H बंध. त्यांतले इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या कक्षकाकडे थोडे कलतात आणि धन भार एका जागी न राहता पसरतो. पुस्तकात याचं नाव हायपरकॉन्जुगेशन. मी मुलांना नाव नंतर सांगतो, आधी मोजायला लावतो. इथिल कार्बोकॅटायनच्या शेजारी असे C–H बंध तीन. दुसऱ्या ओळीतल्याच्या शेजारी पाच: एका बाजूच्या CH3 चे तीन, दुसऱ्या बाजूच्या CH2 चे दोन. तिसऱ्याच्या तिन्ही बाजूंना CH3, म्हणून नऊ. एकेक टेकू किरकोळ असतो, पण नऊ टेकूंवर छप्पर उभं राहतं. पातळ आम्लात प्रोटॉन बसलेले रेणू कोणत्याही क्षणी थोडेच असतात, पण त्यांतून पाणी इतक्या सहज सुटतं की थोडेही पुरतात.

आणखी एक गोष्ट मदतीला येते. टर्शरी कार्बनभोवती तीन मिथिल आणि एक OH अशी दाटी असते, सगळे १०९ अंशांच्या आसपास कोंबलेले. पाणी गेलं की उरलेले तिघे १२० अंशांवर ऐसपैस बसतात.

मग आम्ल थोडं जास्त तीव्र घेतलं तर काम आणखी लवकर होईल की! होणार नाही, उलट बिघडेल. आयसोब्युटिलीनला प्रोटॉन सापडला की तेच पुन्हा टर्शरी कार्बोकॅटायन होतं, आणि ते दुसऱ्या आयसोब्युटिलीनला चिकटतं. ६० टक्क्यांच्या गरम आम्लात वायूऐवजी आठ कार्बनांचं द्रव हायड्रोकार्बन मिळतं आणि पात्रात वेगळा थर दिसू लागतो. तेव्हा ते वीस टक्के भीतभीत घेतलेले नाहीत, मोजून घेतलेले आहेत. शिवाय आयसोब्युटिलीन उणे ७ अंशांनाच उकळतं. ते निर्माण होताच पात्राबाहेर पडतं, त्यामुळे पाण्याशी पुन्हा जुळून अल्कोहोल व्हायला मागे थांबत नाही.

मधल्या ओळीवर मी फार रेंगाळत नाही. तिथे दुहेरी बंध टोकाला न होता मधोमध होतो, एवढं झायत्सेफच्या नियमाला स्मरून बघावं आणि पुढे जावं.

पहिली ओळ मात्र आमच्या जिल्ह्याची. उसाच्या मळीतून निघणारं इथेनॉल तर प्रायमरी आहेच, पण डिस्टिलरीत वेगळं काढलं जाणारं फ्यूजल तेल, म्हणजे आयसोअमाइल, आयसोब्युटिल वगैरे जड अल्कोहोलंही प्रायमरीच. यीस्ट ती अल्डिहाइडपासून बनवतं, आणि अल्डिहाइडचा CHO गट साखळीच्या टोकालाच असतो. टर्शरी अल्कोहोल आंबवणीच्या पिंपात भेटत नाही.

इथेनॉलला तीनच टेकू, म्हणून ते उघडं कार्बोकॅटायन होण्याच्या फंदात पडत नाही. पाणी बाहेर पडणं आणि शेजारचा प्रोटॉन उचलला जाणं एकाच वेळी व्हावं लागतं. त्यासाठी आम्ल संहत हवं आणि पारा १७० वर हवा. तो १४० वरच रेंगाळला, तर प्रोटॉन बसलेल्या एका रेणूवर दुसरं इथेनॉल मागून येऊन बसतं आणि इथिलीनऐवजी ईथर तयार होतं. पाणी दोन्हीकडे सुटतं, फक्त ईथरच्या वेळी ते दोन रेणूंमधून मिळून सुटतं.

आमच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग एकदा फसला, आणि फसला हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. चंबूतलं मिश्रण काळं पडत गेलं, वायू ब्रोमीनच्या पाण्यात सोडला, तांबूस रंग गेला, मुलांनी वहीत ‘इथिलीन आढळले’ लिहून टाकलं. मला नळीच्या तोंडाशी आगकाडी पेटवल्यावर येतो तसला झोंबरा वास आला. गरम संहत आम्लाने अल्कोहोल जाळून कोळसा केला होता, आणि त्यात स्वतः सल्फर डायऑक्साइड झालं होतं. तेही ब्रोमीनचा रंग घालवतं. दुसऱ्या खेपेला मध्ये सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली लावली. सल्फर डायऑक्साइड तिथे अडकलं आणि पुढच्या बाटलीतला रंग बराच वेळ तसाच राहिला. थर्मामीटर पाहिला तर पारा १४५ वर. मग ज्योत वाढवली, पारा चढला आणि रंग सावकाश उतरला. मोठ्या उद्योगात ही कटकट नको म्हणून इथेनॉलची वाफ तापवलेल्या अल्युमिनावरून नेतात. उत्तराखंडात काशीपूरला इंडिया ग्लायकॉल्स इथेनॉलपासून इथिलीन करून त्यापासून ग्लायकॉल बनवते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचा उरलेला भाग. रेणूतलं पाणी काढण्याचं काम आपल्या जिल्ह्यात कुठे होतच नाही का? होतं. कोपरगाव तालुक्यात साकरवाडीला सोमय्यांच्या गोदावरी कारखान्यात अल्कोहोलपासून रसायनं बनतात, त्यांत क्रोटोनाल्डिहाइड आहे. त्याची वाट अशी: इथेनॉलचं असिटाल्डिहाइड करायचं, त्याचे दोन रेणू जोडून ॲल्डॉल करायचं, आणि ॲल्डॉल थोड्या आम्लात तापवायचं की पाणी सुटून क्रोटोनाल्डिहाइड मिळतं.

ॲल्डॉलमधला OH सेकंडरी कार्बनवर असतो. मधल्या ओळीच्या हिशेबाने त्याला साठ टक्के आम्ल लागायला हवं, पण ते थोडक्यात भागतं. कारण त्या OH पासून एक घर सोडून C=O बसलेला आहे. मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन त्या C=O मुळे आधीच सैल झालेला असतो, आणि होणारा नवा दुहेरी बंध C=O शी जोडून बसल्याने स्थिर होतो. इथे उघडं कार्बोकॅटायन व्हावंच लागत नाही, म्हणून टेकू मोजण्याची गरजही उरत नाही. पाणी इतकं सहज जातं की ज्याला ते राखायचं आहे त्याचीच पंचाईत. ॲल्डॉलला हायड्रोजन देऊन १,३-ब्युटेनडायॉल करायचं असेल, तर ते फार तापू न देता, आम्लाचा स्पर्श टाळून, पाणी सुटायच्या आत काम उरकावं लागतं.